कोर्टाची पायरी आणि घरचा हिशेब

पोराला पोलिसांनी उचलले की घरचे लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘वकील किती घेईल?’ प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. कल्याणच्या कोर्टात वर्षभर चालणाऱ्या साध्या मारामारीच्या केसमध्ये वकिलाला दिलेला पैसा हा निम्म्याहून कमीसुद्धा असू शकतो. बाकीचा पैसा कुठे जातो हे कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून तो दिसत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. वकिलाप्रमाणे आणि कलमाप्रमाणे ते कमीजास्त होतील. कल्याण पूर्वेतला बावीस वर्षांचा मुलगा, रोज ६०० रुपये मजुरी. वस्तीतल्या भांडणात अजामीनपात्र कलम लागले. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जामीन अर्जाचे ८,००० दिले, अर्ज फेटाळला गेला. मग कल्याणच्याच सत्र न्यायालयात अर्ज केला, त्याचे २०,००० झाले. इथेच पहिली गफलत होते. ‘जामिनाचे पैसे दिले’ असे घरचे समजतात, पण प्रत्येक कोर्टाचा अर्ज हे वेगळे काम असते आणि त्याची फी वेगळी असते. तिथेही नाही झाले तर मुंबईचे उच्च न्यायालय, आणि तिथली फी आणखी वेगळी. म्हणून पहिल्याच दिवशी वकिलांना स्पष्ट विचारावे, ‘साहेब, ही रक्कम कोणत्या कोर्टापर्यंतची?’

मुलगा अठरा दिवस आधारवाडी जेलमध्ये राहिला. बुडालेली मजुरी १०,८००. आईवडिलांच्या पाच मुलाखती, प्रत्येक वेळी वडिलांचा खाडा आणि रिक्षाभाडे मिळून ८०० रुपये, म्हणजे ४,०००. पुढे केस उभी राहिली. वर्षात चौदा तारखा पडल्या. वकिलांची फी तारखेला १,०००, म्हणजे १४,०००. पण प्रत्येक तारखेला मुलगा आणि वडील दोघांचा रोज बुडाला, १,२०० रुपये. वर गाडीभाडे, चहा-वडापाव, झेरॉक्स यांचे २०० धरा. चौदा तारखांचे १९,६०० झाले. तारखेपायी वकिलापेक्षा घरचाच पैसा जास्त गेला!

शिवाय सुरुवातीला हातात पैसा नव्हता म्हणून ३०,००० रुपये महिना पाच टक्क्यांनी उचलले होते. महिन्याला १,५०० नुसते व्याज, वर्षाचे १८,०००. आता बेरीज करा. वकिलाला ४२,०००. मजुरी, मुलाखती, प्रवास आणि व्याज मिळून ५२,४००. एकूण ९४,४००, आणि मुद्दल अजून डोक्यावरच आहे.

यातला कोणता पैसा वाचू शकतो? सर्वात मोठा आकडा वकिलाचा, आणि तोच कायद्याने माफ होऊ शकतो, हे आपल्या वस्त्यांत फार थोड्यांना ठाऊक आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रीला, तसेच कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळतो. तिथे उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले आहे. जातीचा दाखला जवळ ठेवा. कल्याण कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीकडे, ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. जेलमध्ये असलेला मुलगा तिथूनही अर्ज देऊ शकतो.

‘सरकारी वकील लक्ष देत नाही’ असे म्हणून लोक हा मार्ग सोडतात. काही वेळा ते खरेही असते. पण नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले किंवा तारखेला आलेच नाहीत, तर समितीकडे लेखी तक्रार करून दुसरा वकील मागता येतो. खाजगी वकिलाचे दिलेले पैसे मात्र क्वचितच परत येतात.

उलट बाजूही लक्षात घ्या. आपण फिर्यादी असू, आपल्याच माणसाला मार लागला असेल, तर केस सरकार चालवते आणि सरकारी अभियोक्ता उभा राहतो. त्यासाठी आपल्याला एक पैसा द्यावा लागत नाही. अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये तर १९९५ च्या नियमांप्रमाणे पीडित आणि साक्षीदारांना प्रवासखर्च व भत्ता मिळण्याची तरतूद आहे. मागितल्याशिवाय तो सहसा मिळत नाही.

खाजगी वकील करायचाच असेल तर फी ठरवताना दोन गोष्टी पक्क्या करा. कोर्ट नुसती पुढची तारीख देते त्या दिवशीही पूर्ण फी लागेल का? टायपिंग, झेरॉक्स, क्लार्कचे पैसे यातच आले की वरून? पैसे शक्यतो बँकेतून किंवा मोबाईलवरून द्यावेत, म्हणजे नोंद राहते. आरोपीला दोषारोपपत्राची प्रत मोफत मिळते, त्याचे वेगळे पैसे कोणी सांगितले तर विचारा कशाचे. ‘साहेबांना द्यायचे आहेत’ असे सांगून कोणी पैसे मागितले तर ते देऊ नका. लाचेची तक्रार १०६४ वर करता येते.

तारखेचा खर्चही निम्मा करता येतो. वडिलांनी दरवेळी जायचे कारण नाही. मुलासोबत ते गेले नाहीत तर वरच्या उदाहरणात वर्षाचे ८,४०० रुपये वाचतात. केसचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक वकिलांकडून घेऊन ठेवा. ई-कोर्ट्सच्या अॅपवर तो टाकला की पुढची तारीख घरीच कळते. मुलाला खरोखर येता येत नसेल तर वकिलामार्फत त्याच दिवशी हजेरी माफीचा अर्ज द्यावा. न सांगता गैरहजर राहिले की वॉरंट निघते, आणि मग ते रद्द करण्याचा खर्च मागे लागतो.

दंड भरून मोकळे व्हायचे म्हणून गुन्हा कबूल करण्याचा सल्ला मिळाला, तर जरा थांबा. दंड छोटा असतो, पण दोषसिद्धीची नोंद राहते. सरकारी भरतीत, कंपनीच्या पोलीस पडताळणीत ती पुढे येते. तो खर्च कोणत्याही वहीत मावत नाही.

आता जामीनदाराचे पाहू. जामीन मंजूर होऊनही पोरे आत राहतात ती इथे. कोर्टाबाहेर भाड्याने जामीनदार मिळतात. त्यांची रेशनकार्डे खोटी निघाली तर नवाच गुन्हा अंगावर येतो. त्यापेक्षा गावाकडचा काका, मामा आणा. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारता येत नाही. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गरीब गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला, आणि त्याच्या भावाला दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हे चूक ठरवून त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. जामीन मिळूनही महिनाभरात सुटका झाली नाही, तर अटी हलक्या करण्याचा विचार कोर्टाने स्वतःहून करावा, असेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे.

जामीनदार न मिळाल्यास रोख रक्कम भरण्याची परवानगी मागता येते. समजा १५,००० भरले. हा खर्च नव्हे, ही ठेव आहे. मुलगा तारखांना हजर राहिला तर केस संपल्यावर ती परत मिळते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. पावती ज्याच्या नावावर असेल त्यालाच पैसे मिळतात. म्हणून पैसे ज्याने उसने आणले त्याच्याच नावावर पावती फाडावी, तिची झेरॉक्स काढावी आणि मूळ पावती प्लॅस्टिकमध्ये घालून घरातल्या दाखल्यांसोबत ठेवावी. केस तीन-चार वर्षे चालू शकते, तोवर शाई उडते.