उघडं पाकीट जमतं, बंद का जमत नाही?

शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर हे कोडं अनेकांनी सोडवलेलं असतं. एक चौकोन, त्याचे दोन कर्ण आणि वर त्रिकोणी झाकण, असं उघडं पाकीट पेन न उचलता आणि कुठलीही रेघ दोनदा न गिरवता काढायचं. हे जमतं. झाकण काढून टाकलं, की रेघा कमी होऊनही तेच चित्र काही केल्या जमत नाही.

कारण शोधायला चित्राचा आकार विसरावा लागतो. उरतात ते बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. गणितात याला ग्राफ म्हणतात आणि एका बिंदूपाशी जितक्या रेघा येतात ती त्या बिंदूची डिग्री. आता पेनाच्या वाटेकडे पाहा. मधल्या कुठल्याही बिंदूत पेन एका रेघेने शिरतं आणि दुसरीने बाहेर पडतं, म्हणजे दर खेपेला दोन रेघा खर्ची पडतात. त्यामुळे ज्या बिंदूची डिग्री विषम आहे, तिथे एक रेघ बिनजोडीची राहणारच. असा बिंदू वाटेची सुरुवात तरी असला पाहिजे किंवा शेवट. आणि वाटेला टोकं दोनच. विषम बिंदू दोनाहून जास्त निघाले, तर प्रयत्न सोडून द्यावा.

बंद पाकिटाच्या चारही कोपऱ्यांशी तीन-तीन रेघा आहेत. चार विषम बिंदू, खेळ संपला. झाकण लावलं की वरच्या दोन कोपऱ्यांना एकेक रेघ जास्त मिळून त्यांची डिग्री चार होते, शेंड्याची दोन. विषम उरतात फक्त खालचे दोन कोपरे. कर्ण एकमेकांना छेदतात तो बिंदू मोजला तरी त्याची डिग्री चार, काही बिघडत नाही.

हा विचार पहिल्यांदा मांडला लेओनार्ड ऑयलरने, 1735 मध्ये, सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे. निमित्त होतं प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहराचं. प्रेगेल नदीमुळे शहराचे चार भाग झाले होते आणि ते सात पुलांनी जोडलेले होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फेरफटका मारता येईल का? क्नाइपहोफ बेटावर पाच पूल येत, बाकी तिन्ही भागांत तीन-तीन. चारही विषम, म्हणून नाही. गंमत म्हणजे यात गणिताचा फारसा संबंध नाही, असं खुद्द ऑयलरनेच 1736 मध्ये डान्झिगच्या महापौरांना एका पत्रात लिहिलं होतं. पुढे या निबंधातून गणिताची एक अख्खी शाखा निघाली!

पण ऑयलरने सिद्ध केली ती निम्मी बाजू. विषम बिंदू जास्त असतील तर वाट नाही, हे कळलं. विषम बिंदू शून्य किंवा दोन असतील तर वाट नक्की असते, हे त्याने सांगितलं, पण पूर्ण सिद्धता दिली नाही. ती दिली कार्ल हियरहोल्त्सर या जर्मन गणितज्ञाने. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, 1873 मध्ये छापला गेला. मला त्याची युक्ती ऑयलरच्या मोजणीपेक्षा जास्त आवडते, कारण ती वाट प्रत्यक्ष काढून देते.

उघड्या पाकिटावरच करून पाहू. खालचे कोपरे डावीकडून अ, ब. वरचा उजवा क, वरचा डावा ड, शेंडा श. अ पासून बेफिकीरपणे निघा: अ-ड-ब-अ-क-ब. आता अडकलो, ब पाशी एकही रेघ उरली नाही. अडकायचं तर ब पाशीच, कारण इतरत्र शिरलं की बाहेर पडायला रेघ असतेच. उरल्या तीन रेघा: ड-श, श-क, क-ड. त्यांचा बंद फेरा होतो, आणि तो आपल्या वाटेला ड पाशी भेटतो. मग पहिल्यांदा ड पाशी आल्यावर तो फेरा मध्ये घुसवायचा: अ-ड-श-क-ड-ब-अ-क-ब. आठही रेघा एकेकदा झाल्या. कितीही मोठं जाळं असो, अडकलेल्या वाटेत उरलेले फेरे असेच शिवत जायचं.

एक अट मात्र विसरू नये: चित्र अखंड हवं. दूर-दूर काढलेल्या दोन त्रिकोणांत सगळ्या डिग्री दोन असतात, तरी पेन उचलावंच लागतं.

आणि विषम बिंदू जास्त असूनही सगळ्या रस्त्यांवरून जायचंच असेल, जसं टपाल वाटणाऱ्याला जावं लागतं? मग काही रस्ते दोनदा तुडवणं आलं. ते कमीत कमी कसे ठेवायचे, हा प्रश्न चिनी गणितज्ञ ग्वान मेइगू याने 1960 मध्ये मांडला. उत्तराचा गाभा असा, की विषम चौकांच्या जोड्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीमधला रस्ता पुन्हा चालायचा. जोड्या अशा निवडायच्या की हे जादा अंतर एकूण सर्वांत कमी भरेल. क्योनिग्सबर्गमध्ये चार विषम भागांच्या दोन जोड्या होतात, म्हणून सगळे पूल ओलांडून घरी परतायचं तर सातांऐवजी किमान नऊ वेळा पूल ओलांडावा लागला असता.