चेक परत आल्यावर पाठवायची नोटीस : रक्कम चेकची, मुदत पंधरा दिवसांची

सिमेंट आणि सळईचा व्यापार करणारे एक गृहस्थ मागे माझ्याकडे आले. हातात बँकेचा मेमो, त्यावर 'फंड्स इनसफिशियंट', आणि स्वतः टाइप करून आणलेली नोटीस. ओळखीच्या कोणाच्या तरी जुन्या नोटिशीवरून उतरवलेली होती, भाषाही कडक होती. शेवटचं वाक्य असं होतं : "आपणाकडून एकूण रु. ३,४३,००० येणे असून ते नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत द्यावेत." परत आलेला चेक मात्र २,३६,००० रुपयांचा होता.

मी विचारलं, बाकीचे कसले? त्यांनी वही उघडली. जुन्या बिलांची बाकी ७४,०००, व्याज २८,०००, नोटिशीचा खर्च ५,०००. हिशेबात एक पैशाचीही चूक नव्हती. पण ती नोटीस तशीच गेली असती तर त्या चेकवरची फौजदारी केस तिथेच कमकुवत झाली असती.

"जेवढं येणं आहे, तेवढं सगळं नोटिशीत मागायचं"

हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, १८८१ मधलं कलम १३८ उधारी वसूल करण्यासाठी लिहिलेलं नाही. एक विशिष्ट चेक वटला नाही आणि मागूनही त्याचे पैसे दिले नाहीत, हा त्यातला गुन्हा आहे. म्हणून नोटिशीतली मागणी चेकवरच्या रकमेची असावी लागते. सुमन सेठी विरुद्ध अजय चुरीवाल या २००० सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट स्पष्ट केली. चेकची रक्कम वेगळी दाखवून शिवाय व्याज आणि खर्च मागितला असेल, तर तो वाढीव भाग बाजूला ठेवता येतो आणि नोटीस टिकते. सगळं एकत्र करून एकच आकडा मागितला, आणि त्यातून चेकची मागणी वेगळी काढता येत नसेल, तर नोटीस पडते.

सप्टेंबर २०२५ मध्ये कावेरी प्लास्टिक्सच्या खटल्यात न्यायालय यापेक्षाही कडक राहिलं. चेक एक कोटीचा होता, नोटिशीत मागणी दोन कोटींची झाली होती. टायपिंगची चूक आहे, असं सांगण्यात आलं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. कायद्यात 'सदर रक्कम' म्हटलं आहे, म्हणजे चेकवर लिहिलेली रक्कम, आणि आकडा चुकला तर नोटीस अवैध. मला हा निकाल योग्य वाटतो. ज्याच्यावर फौजदारी खटला भरायचा आहे, त्याला नेमके किती पैसे भरले म्हणजे आपण सुटू हे कळायलाच हवं.

त्या व्यापाऱ्यांची नोटीस आम्ही नव्याने लिहिली. तिचा गाभा असा झाला : "आपण आमच्याकडून घेतलेल्या मालाच्या बिलांपोटी आपल्या खात्यावरील चेक क्रमांक अमुक, दिनांक ५ जानेवारी, रक्कम रु. २,३६,०००, आम्हांस दिला. तो आम्ही आमच्या बँकेत वटविण्यासाठी भरला असता 'फंड्स इनसफिशियंट' या शेऱ्यासह परत आला व त्याची सूचना आम्हांस ९ जानेवारी रोजी मिळाली. तरी सदर चेकची रक्कम रु. २,३६,००० ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत द्यावी." चेकवरचं बँकेचं आणि शाखेचं नाव घातलं, बिलांचे नंबर घातले. जुनी बाकी आणि व्याज वेगळ्या परिच्छेदात, 'याखेरीज' असं म्हणून. मी तर सांगेन, शंका असेल तर तो परिच्छेद या नोटिशीत घालूच नका. जुन्या बाकीसाठी वेगळं पत्र लिहा. तिची वसुली दिवाणी दाव्यातून होते, आणि तो मार्ग या नोटिशीमुळे बंद होत नाही.

"मध्ये थोडे पैसे आले होते, पण चेक तर पूर्ण रकमेचाच आहे ना"

व्यापारात हे रोज घडतं. चेक पुढच्या तारखेचा घेतलेला असतो, आणि मधल्या काळात गिऱ्हाईक पन्नास हजार यूपीआयने पाठवतं. आपण ते वहीत जमा करतो आणि ठरल्या तारखेला चेक मात्र पूर्ण २,३६,००० ला बँकेत टाकतो. तो परत आला तर काय? दशरथभाई पटेल यांच्या खटल्यात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं आहे. चेक वटवायला टाकायच्या दिवशी जेवढं कायदेशीर देणं शिल्लक होतं, त्यापेक्षा चेक जास्तीचा असेल तर त्या चेकवर कलम १३८ चा गुन्हा होत नाही. मिळालेल्या रकमेची नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेसाठीच तो वटवायला टाकावा, असं कायदा म्हणतो. माझा अनुभव असा की त्यापेक्षा जुना चेक परत देऊन उरलेल्या रकमेचा नवा घेणं सोपं पडतं. नोटीस लिहायला बसण्याआधी मी म्हणूनच खातेउतारा मागतो. पुष्कळदा गिऱ्हाइकाने पाठवलेली एखादी रक्कम मालकाच्या लक्षातच नसते.

"दोनदा टाकून बघू, मग नोटीस पाठवू"

चेक पुन्हा टाकता येतो, त्यात बेकायदा काही नाही. एमएसआर लेदर्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर असंही म्हटलं की, पहिल्यांदा परत आल्यावर केस केली नाही तरी चेकची मुदत आहे तोवर तो पुन्हा टाकून, पुन्हा परत आल्यास नव्याने नोटीस देता येते. पण ही सवलत चेकच्या आयुष्याएवढीच आहे. १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो. 'पुढच्या सोमवारी नक्की टाका' असं ऐकत ऐकत ते तीन महिने निघून जातात.

नोटिशीची मुदत वेगळी आहे. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. पूर्वी हे १५ दिवस होते, २००२ च्या दुरुस्तीने ३० झाले, म्हणून जुन्या पुस्तकांत १५ दिसतात. मेमो हातात पडला तो दिवस धरायचा की चेक परत आल्याचा बँकेचा मेसेज मोबाइलवर आला तो? वाद ओढवून घेऊ नका, आधीची तारीख धरा. ही मुदत चुकली तर 'आजारी होतो', 'गावी होतो' असं सांगून ती वाढवून मिळत नाही. तक्रार दाखल करायला झालेला उशीर न्यायालय कारण पाहून माफ करू शकतं, नोटिशीचा उशीर नाही. नोटिशीत चूक झालीच असेल, तर वाचण्याचे दोन मार्ग असतात. ३० दिवस संपायच्या आत दुरुस्त नोटीस पाठवणं, किंवा चेक अजून जिवंत असेल तर तो पुन्हा वटवायला टाकणं.

"पंधरा दिवस नोटिशीच्या तारखेपासून"

नाही. गिऱ्हाइकाला नोटीस मिळाली त्या दिवसापासून, आणि तो दिवस सोडून. आमच्या नोटिशीचं गणित असं झालं. माहिती ९ जानेवारीला मिळाली, म्हणजे नोटीस पाठवण्याची शेवटची तारीख ८ फेब्रुवारी. आम्ही २० जानेवारीला पाठवली. पोस्टाच्या नोंदीप्रमाणे ती २७ जानेवारीला पोचली. २८ हा पहिला दिवस, ११ फेब्रुवारी हा पंधरावा. तोवर पैसे आले असते तर गुन्हाच झाला नसता. १२ फेब्रुवारीला तक्रारीचं कारण उत्पन्न झालं आणि तिथून एक महिन्याच्या आत, म्हणजे १२ मार्चपर्यंत, तक्रार दाखल करायची. त्या मालकांची घाई चालली होती, 'दहा दिवस झाले, टाकून देऊ'. पण पंधरा दिवस संपण्याआधी केलेली तक्रार टिकत नाही, हे योगेंद्र प्रताप सिंग खटल्यात २०१४ साली ठरलेलं आहे. तक्रार कोणत्या न्यायालयात, याचंही उत्तर आता सरळ आहे. पैसे घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या.

"नोटीस घेतलीच नाही, म्हणजे लागली नाही"

हे गिऱ्हाइकाच्या बाजूचं अज्ञान. पोस्टमन आला की 'घरात नाहीत' म्हणून सांगायचं, पाकीट 'घेण्यास नकार' शेऱ्यासह परत जाऊ द्यायचं. सी. सी. अलवी हाजी खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बरोबर पत्त्यावर पोस्टाने पाठवलेली नोटीस पोचली असंच गृहीत धरलं जाईल. ज्याला खरोखर मिळाली नसेल त्याने न्यायालयाचं समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत चेकची रक्कम भरावी. तेही केलं नाही तर 'नोटीस मिळाली नव्हती' हा बचाव उरत नाही. अर्थात 'बरोबर पत्ता' सिद्ध करायची जबाबदारी पाठवणाऱ्याची. म्हणून बिलावरचा, जीएसटी नोंदणीवरचा आणि घरचा अशा तिन्ही पत्त्यांवर पाठवा. पोस्टाची पावती आणि डिलिव्हरीची नोंद त्याच दिवशी छापून फाइलला लावा, ती नोंद वेबसाइटवर कायम राहत नाही. परत आलेलं पाकीट फोडू नका. ते बंद पाकीटच न्यायालयात दाखवायचं असतं.

नोटीस वकिलाचीच हवी असंही काही जण मानतात. कायद्यात फक्त 'लेखी नोटीस' एवढंच म्हटलं आहे, स्वतःच्या लेटरहेडवर स्वतःच्या सहीने दिलेली चालते.

ज्याच्या हातात ही नोटीस पडते त्याच्यासाठी

नोटीस आली म्हणजे पोलीस दारात येतील, असं नाही. ही तक्रार मॅजिस्ट्रेटपुढे खासगी तक्रार म्हणून चालते. पण तिला हलकंही घेऊ नका. दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेकवरची सही तुमची आहे हे एकदा मान्य झालं, की तो देण्यापोटीच दिला होता असं न्यायालय गृहीत धरतं आणि तसं नव्हतं हे तुम्हाला दाखवावं लागतं. देणं नसेल, माल खराब आला असेल, तर पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. देणं असेल तर चेकची पूर्ण रक्कम बँकेमार्फत, चेकचा नंबर लिहून, पंधराव्या दिवसाच्या आत भरा. व्याजावर वाद असेल तर तो नंतर घालता येतो. चेकवरची रक्कम वेळेत पोचली, तर कलम १३८ ची केस उभी राहत नाही.