‘कधी भेटूया?’ असं विचारू नका

आमच्या टीममधले काही जण पेडण्याचे, काही डिचोलीचे. भेट साधारण मध्यावर, म्हापशात. शुक्रवारी तिथला बाजार भरतो, पार्किंग मिळत नाही. तो वार आधीच वगळायचा. मग ग्रुपवर हा मेसेज टाकायचा:

‘आराखड्यावर बैठक, ४५ मिनिटं, म्हापसा.
अ) मंगळवार १२, सकाळी १०
ब) बुधवार १३, सायं. ५
क) गुरुवार १४, सायं. ५
जमणारी सगळी अक्षरं आज रात्री ९ पर्यंत लिहा.’

पर्यायांना आकडे नकोत, अक्षरंच द्या. नुसतं ‘५’ आलं तर पाचवा पर्याय की पाच वाजता, कळत नाही. ‘सगळी’ हा शब्द तर फारच महत्त्वाचा. प्रत्येकाने आवडीचं एकच अक्षर लिहिलं तर मतं विखुरतात. ‘अ, क’, ‘क’, ‘ब, क’ अशी उत्तरं आली की क ठरला! कुणी नुसतं ‘चालेल’ किंवा अंगठा टाकला, तर लगेच विचारा, ‘कुठलं?’

निर्णय होईपर्यंत तिन्ही वेळा स्वतः मोकळ्या ठेवा. ठरल्यावर वार, तारीख, वेळ आणि जागा नव्या मेसेजमध्ये लिहा. जुना मेसेज वर शोधायला कुणी जात नाही. माणसं दहाच्या वर असतील तर व्हॉट्सॲपचा पोल बरा, एकाहून जास्त उत्तरांची मुभा ठेवून.