बारा खुर्च्या, अठरा माणसं

नारायण पेठेत माझ्या एका आर्किटेक्ट मित्राचं ऑफिस आहे. दोन मजले त्याचेच. ड्रॉइंग बोर्ड गेले, माणसं कमी झाली आणि वरचा बाराशे फुटांचा मजला रिकामा पडला. तिथे आता वीस टेबलं आहेत. आठ टेबलं ठरलेल्या माणसांची, उरलेली बारा ‘जो येईल त्याची’. या बारा खुर्च्यांचे पैसे दर महिन्याला अठरा जण भरतात, आणि तरी एरवी कुणी उभं राहत नाही. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अक्षरशः कागद-पेन घेऊन बसलो.

समजा, अठरांपैकी प्रत्येक जण सकाळी उठून नाणं उडवतो. छापा पडला तर ऑफिसला, काटा पडला तर घरूनच काम. सरासरीने रोज नऊ जण येतील. पण सरासरीवर खुर्च्या मांडता येत नाहीत. प्रश्न आहे तो तेरावा माणूस कधी येईल हा. गणित सांगतं, शंभर दिवसांत जेमतेम पाच दिवस. म्हणजे पंचवीस कामाच्या दिवसांच्या महिन्यात सरासरी एकदा. आणि अठराच्या अठरा एकाच दिवशी येण्याची शक्यता? अडीच लाखांत एक. वर्षाला तीनशे दिवस ऑफिस उघडं ठेवलं, तर पावणेनऊशे वर्षांतून एकदा. ज्ञानेश्वरी लिहून अजून तेवढी वर्षं झालेली नाहीत!

म्हणजे मित्र भाड्याने देतो ती खुर्ची नव्हेच. एकाची गैरहजेरी तो दुसऱ्याला विकतो. फिरत्या जागेचा दर ठरलेल्या टेबलापेक्षा कमी असतो तो याच हिशोबावर.

आता दर कसा काढला ते पाहा. मजला एकाच भाडेकरूला दिला असता तर महिन्याला साठ हजार आले असते. ते त्याने आधी खर्चात धरले, आणि इथेच पुष्कळ जण चुकतात. ‘जागा आपलीच आहे, जे येईल तो फायदा’ असं म्हणून ते दर लावतात आणि वर्षभराने कळतं की नुसती किल्ली देऊन भाडं घेतलं असतं तरी जास्त मिळालं असतं. त्यावर वीज अठरा हजार, साफसफाई आणि चहा बघणाऱ्या मावशींचे चौदा, मेंटेनन्स सहा, चहा-पाणी-टिश्यू पाच, दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट चार, किरकोळ दुरुस्ती तीन. एकूण एक लाख दहा हजार. भागिले वीस, साडेपाच हजार. पण हा दर लावला तर एकही टेबल रिकामं राहून चालणार नाही. त्याने चौदाच टेबलं भरतील असं धरलं. भागाकार जवळपास आठ हजारांवर गेला, आणि तोच ठरलेल्या टेबलाचा दर झाला. फिरती जागा पाच हजार. (रिकाम्या टेबलांची भीती उगाच नाही. सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्गने ऑगस्ट २००५ मध्ये अशी जागा सुरू केली आणि ‘को-वर्किंग’ हा शब्द रूढ केला, तेव्हा पहिला महिनाभर त्याच्याकडे कुणीच फिरकलं नव्हतं.)

आज आठ टेबलांचे चौसष्ट आणि अठरा फिरत्यांचे नव्वद, असे एक लाख चोपन्न हजार जमतात. वर्षाचे साडेअठरा लाख. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वीस लाख आहे म्हणून तो खूश होता; सीएने आठवण करून दिली की आर्किटेक्ट म्हणून मिळणारी फीसुद्धा त्याच पॅनवर मोजली जाते. तेव्हापासून बिलावर अठरा टक्के वेगळे लागतात.

सामायिक खर्चात सगळ्यात गमतीचं प्रकरण विजेचं. सुरुवातीला कुरबुर झाली ती मोबाइल चार्जिंगवरून: अमुक जण दोन-दोन फोन लावून ठेवतो! फोन रोज पूर्ण चार्ज केला तरी महिन्याला लागते अर्धं युनिट. पंधरा रुपये युनिट धरलं तर सात-आठ रुपये. लॅपटॉपची दहा युनिटं, दीडशे रुपये. पण अ‍ॅनिमेशन करणाऱ्या एका मुलाने स्वतःचा मोठा संगणक आणून ठेवला. पाचशे वॅट, रोज नऊ तास. महिन्याला एकशे बारा युनिटं, सतराशे रुपये. एकटा अकरा लॅपटॉपांना भारी. आता त्याच्या प्लगवर छोटा मीटर बसवलाय. तेवढ्याचं बिल तो वेगळं देतो, बाकी सगळ्यांची वीज दरातच.

आणि खरा खादाड एसी. चारही मिळून वर्षाच्या सरासरीने महिन्याला आठशे युनिटं. त्यातला एक भाग तर आपल्यालाच थंड करण्यात जातो: नुसतं बसलेलं माणसाचं शरीर सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतं. वीस माणसं म्हणजे दोन किलोवॅट, त्यांचे लॅपटॉप आणखी एक. दीड टनी एसीची ताकद पाच किलोवॅटच्या आसपास असते, म्हणजे एका एसीचा निम्म्याहून अधिक जोर माणसं आणि लॅपटॉप निववण्यातच संपतो. शिवाय हा भिंतीवरचा एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवत राहतो. म्हणूनच नियमावलीत दोन ओळी आहेत: डबे पॅन्ट्रीतच खायचे, आणि दीड ते दोन सगळ्या खिडक्या उघड्या. सुकटीच्या चटणीशी वैर नाही. पण ती टेबलावर उघडली, तर चार वाजेपर्यंत वीस जणांच्या नाकात फिरते.

फोनचा नियम आणखी कडक: फोनवर बोलायचं ते जिन्यात किंवा काचेच्या खोलीत. दोघं शेजारी गप्पा मारत असले तर चालतं, एकटा फोनवर बोलला तर चालत नाही. मला हा उलटा न्याय वाटला होता. पण कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं की अर्धवट ऐकू येणारं संभाषण पूर्ण संभाषणापेक्षा जास्त लक्ष विचलित करतं. दोन्ही बाजू ऐकू आल्या की पुढचं वाक्य साधारण कळतं. एकच बाजू आली की मेंदू आपल्या नकळत दुसरी रचत बसतो. शेजारचा ‘हो... नाही हो... मग किती?’ म्हणतो, आणि आपण आपला हिशोब सोडून त्याचा करत राहतो.

कागदपत्रांचं एकच सांगतो. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि त्यात जागा वापरायची परवानगी मिळते, जागेवर हक्क मिळत नाही. म्हणून मित्र ठरलेल्या टेबलवाल्यांनाही मजल्याची किल्ली देत नाही.

इतकं सगळं जमवूनही एका दिवशी बारा खुर्च्यांवर सोळा जण आले. गुरुवार होता. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायची ती बहुधा गुरुवारी, आणि त्या दिवशी कोथरूडचा मोठा पट्टा बंद होता. नाण्याचं गणित खरं ठरतं ते प्रत्येकाने आपापलं नाणं उडवलं तर. गुरुवारी अठरा जणांचं नाणं महावितरण एकदाच उडवतं. वीस तारखेला जीएसटीचं विवरणपत्र भरणारेही असेच एकगठ्ठा येतात. त्या गुरुवारी चौघांना मित्राने खाली स्वतःच्या मीटिंग टेबलावर बसवलं, आणि नियमावलीत तेरावा नियम आला: गुरुवारी यायचं असेल तर बुधवारी रात्री आठच्या आत नाव कळवायचं. पहिली बारा नावं वर, पुढची खाली.

तुमचाही मजला रिकामा असेल, तर टेबलं मोजण्याआधी तुमच्या भागात लाईट कोणत्या वारी जाते ते विचारून घ्या.