सूर्य जवळ, तरी थंडी

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. तेव्हा दोघांमधलं अंतर साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटर भरतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तेच १५ कोटी २१ लाखांवर जातं. म्हणजे आपण स्वेटर घालून फिरतो तेव्हा सूर्य ५० लाख किलोमीटर अलीकडे आलेला असतो. तरीही 'सूर्य लांब गेला की थंडी पडते' ही समजूत चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांच्याही मनात घट्ट बसलेली आढळते.

याचा दोष थोडा पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांकडे जातो. त्यांत पृथ्वीची कक्षा चांगली लांबट काढलेली असते. प्रत्यक्षात ती जवळजवळ वर्तुळच आहे. अंतर कागदावर १५ सेंटिमीटरचं धरलं, तर सर्वांत जवळच्या आणि सर्वांत दूरच्या टोकात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडेल. एवढ्या फरकानंही जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त ऊन मिळतं, हे खरं आहे. पण अंतराचा परिणाम सगळ्या पृथ्वीवर सारखाच व्हायला हवा. ऋतू त्यानं ठरले असते तर जानेवारीत पुण्यात आणि मेलबर्नमध्ये एकाच वेळी उन्हाळा आला असता. तिथं तेव्हा कडक उन्हाळा असतो, इथं थंडी.

खरं कारण पाहायला गच्चीवर एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करावी. पुण्यात सूर्य साडेबाराच्या सुमारास सर्वांत वर येतो. २१ डिसेंबरला तो त्या वेळी क्षितिजापासून फक्त ४८ अंश उंच असतो आणि काठीची सावली उत्तरेला सुमारे ९० सेंटिमीटर पडते. २१ जूनला तो ८५ अंशांवर, तोही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. ढगांनी सवड दिली तर तेव्हा सावली जेमतेम ९ सेंटिमीटरची आणि चक्क दक्षिणेला पडलेली दिसेल.

सावली लांब, म्हणजे ऊन तिरपं. समोरून एक चौरस मीटर जागा व्यापणारा सूर्यप्रकाश डिसेंबरच्या दुपारी पुण्याच्या जमिनीवर १.३४ चौरस मीटरवर पसरतो. तीच ऊब जास्त जागेत वाटली गेल्यानं प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला सुमारे पाव हिस्सा कमी येतो. त्यात डिसेंबरचा दिवस ११ तासांचा आणि जूनचा सव्वातेरा तासांचा. हवा आणि ढग बाजूला ठेवून दिवसभराचा हिशेब केला, तर डिसेंबरातलं ऊन जूनपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशानं कमी पडतं. जवळच्या सूर्याचा ७ टक्क्यांचा फायदा धरूनही ही तूट राहते! गच्चीवरचे सौर बंब दक्षिणेकडे तोंड करून तिरके बसवतात, ते हिवाळ्यातलं हे तिरपं ऊन समोरून झेलता यावं म्हणूनच.

हे सगळं घडतं ते पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे. सूर्याभोवती फिरताना पृथ्वी हा कल एकाच दिशेला रोखून ठेवते. ध्रुवतारा वर्षभर पुण्याच्या उत्तर क्षितिजावर त्याच जागी, साधारण साडेअठरा अंशांवर दिसतो, तो त्यामुळेच. कल ठाम असल्यानं जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरात दक्षिण गोलार्ध. झुकलेला भाग सूर्याच्या जवळ जातो म्हणून तापतो, असंही काहीजण सांगतात. पण पृथ्वीचा सगळा व्यासच १२,७०० किलोमीटरचा. पंधरा कोटी किलोमीटरांपुढे तो कुठेच लागत नाही.

मग पुण्यात जूनऐवजी एप्रिल-मे का तापतात? महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं इथं सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात पहिल्यांदा १३-१४ मेच्या सुमारास, आणि उत्तरेकडून परतताना जुलैच्या अखेरीला. या दोन्ही दिवशी काठीची सावली काही क्षण तिच्या बुंध्यातच मिटते. सूर्याची उंची दोन्ही वेळा तीच, तरीही मेमध्ये पुण्याची दुपार साधारण ३७ अंशांची आणि जुलैअखेरीची २८ अंशांच्या आसपासची असते, कारण मधल्या काळात मोसमी पाऊस आलेला असतो. ढग बरंचसं ऊन वरच्यावर परत पाठवतात. खाली पोचलेल्या उन्हातलाही मोठा वाटा ओल्या जमिनीतलं पाणी वाफेत बदलण्यात खर्ची पडतो, आणि हवा तापवायला थोडंच उरतं.