दुधाला सोडा, शूला व्हिनेगर

गादी ओली झाली की घरातलं कुणी ना कुणी तांब्याभर पाणी घेऊन धावतं. चादर धुतो तशी गादीही धुवावी, असं वाटणं साहजिक आहे. पण चादर पिळता येते आणि गादी पिळता येत नाही, सगळी गोम तिथेच आहे. वर ओतलेलं पाणी घाणीला खाली ढकलतं. वरून डाग फिकट दिसतो, आणि चार इंच आत जो ओलावा अडकतो तो आठवडाभर वाळत नाही. पुढे येणारा कुबट वास पुष्कळदा मूळ सांडण्याचा नसून या पाण्याचा असतो.

दुसरी गफलत म्हणजे दूध आणि शू यांना एकच औषध लावणं. घरगुती उपायांच्या याद्यांमध्ये व्हिनेगर आणि खायचा सोडा जोडीनं येतात, आणि ‘दोन्ही एकत्र करून शिंपडा’ असंही सांगितलेलं असतं. एकत्र केले की फसफस होते, वायू उडून जातो आणि मागे बरंचसं खारट पाणी उरतं. आम्लानं अल्क मारलं आणि अल्कानं आम्ल. फेस बघून समाधान होतं, एवढंच. यातलं कुठलं कधी वापरायचं हे ठरतं वास आंबट आहे की झोंबणारा आहे यावर.

ताज्या शूला फारसा वास नसतो. ती जवळजवळ सगळी पाणीच असते. त्यात थोडा युरिया, थोडे क्षार, आणि एकंदर कल किंचित आम्लाकडे. काही तास गेले की जीवाणू युरियाचा अमोनिया करायला लागतात आणि नाकात झोंबणारा तो ओळखीचा वास सुरू होतो. अमोनिया अल्कधर्मी आहे, त्यामुळे त्याला आवरतं ते आम्ल, म्हणजे साधं पांढरं व्हिनेगर. दुधाचं उलट आहे. त्यातली साखर आंबून लॅक्टिक आम्ल होतं आणि स्निग्धांश खवट होऊ लागतो, म्हणून नासलेल्या दुधाचा वास आंबट येतो. तिथे सोडा उपयोगी. दुधावर व्हिनेगर शिंपडलं तर पनीर करताना होतं तेच गादीत होतं. दूध फाटतं आणि चोथा धाग्यांत अडकून बसतो.

आता एक प्रसंग घेऊ. चार वर्षांचं मूल, फोमची गादी, जुलैची रात्र. या वयाच्या मुलाच्या मूत्राशयात अंदाजे दीडशे मिलिलिटर मावतं. वय अधिक एक, गुणिले तीस, असा बालरोगतज्ज्ञांचा ठोकताळा आहे. म्हणजे चहाचा एक मोठा कप. हा कपभर द्रव शक्य तितका बाहेर ओढून घ्यायचा, हे पहिलं आणि सगळ्यांत मोठं काम. चादर काढून टाकली की जुन्या सुती साडीची किंवा पंचाची जाड घडी डागावर ठेवा आणि तिच्यावर गुडघा टेकून सगळा भार द्या. घासू नका, नुसतं दाबा. डागाच्या कडेकडून मध्याकडे येत राहिलं म्हणजे तो पसरत नाही. घडी ओली झाली की कोरडी बाजू वर घ्यायची आणि पुन्हा दाबायचं. कापड जवळजवळ कोरडं निघू लागेपर्यंत हे चालू ठेवायचं. दहा मिनिटं लागतात, आणि रात्री दोन वाजता ती फार लांब वाटतात. पण इथे कंटाळा केला तर पुढचं काहीही तितकं लागू पडत नाही.

मग अर्धी वाटी व्हिनेगर आणि अर्धी वाटी पाणी फवाऱ्याच्या बाटलीत घेऊन डागावर मारा. वरचं कापड दमट होईल इतपतच, ओघळ येता कामा नये. दहा मिनिटांनी पुन्हा कोरड्या कापडाने टिपून घ्या. व्हिनेगरचा स्वतःचा वास वाळताना निघून जातो. रात्रीपुरतं एवढं पुरे. त्या जागी कोरडा टॉवेल आणि वर मेणकापड टाकून मुलाला झोपवता येतं, मात्र सकाळी उठल्याबरोबर मेणकापड काढायला हवं, नाहीतर ओल आतच कोंडते.

सकाळी गादी भिंतीला टेकवून उभी करा आणि पंखा डागाच्या बाजूवर सोडा. आडव्या गादीची खालची बाजू श्वासच घेत नाही. पावसाळ्यात पूर्ण दिवस लागतो, कधी दोन. ऊन मिळालं तर उत्तम, पण फोमला आणि रबराच्या गादीला कडक ऊन दिवसभर दाखवू नये, फोम पिवळा पडून भुगा व्हायला लागतो. सकाळचा तासभर ठीक. वाळली की नाही हे हाताला नीट कळत नाही, कारण गार गादी ओलीच लागते. डागावर टिश्यू पेपर ठेवून वर जाड पुस्तकांची चळत ठेवा आणि अर्ध्या तासानं कागद बघा. तो मऊ पडला किंवा सुरकुतला असेल तर आत अजून ओल आहे. कागद कडक निघाला की मगच खायचा सोडा. डागावर पातळ थर, रात्रभर तसाच, आणि सकाळी व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यायचा. सोडा इथे उरलासुरला दमटपणा आणि इतर वास शोषून घेतो, अमोनियाशी लढायचं काम व्हिनेगरनं आधीच केलेलं असतं. ओल्या गादीवर सोडा टाकला तर त्याचं पीठ मळल्यासारखं होतं आणि ते विणीत वाळून बसतं.

पिवळा डाग राहिलाच तर मेडिकलच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेली बाटली साधारण ६ टक्क्यांची असते, तिच्यात तेवढंच पाणी घातलं की ते ३ टक्क्यांवर येतं. अशा कपभर द्रावणात दोन चमचे खायचा सोडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब उघड्या वाडग्यात मिसळायचा, हातमोजे घालून फक्त वरच्या कापडाला लावायचा आणि वाळू द्यायचा. उरलेलं ओतून टाका, बाटलीत बंद करू नका, कारण त्यातून वायू निघत राहतो आणि बाटली फुटू शकते. रंगीत कापडाचा रंग यानं उडतो, तेव्हा आधी कोपऱ्यात करून बघा. बाथरूममधलं क्लोरीनचं ब्लीच मात्र या कामाला अजिबात आणू नये. शूमधल्या अमोनियाशी किंवा व्हिनेगरशी गाठ पडली की त्यातून विषारी वायू निघतो, आणि हे सगळं आपण बंद बेडरूममध्ये करत असतो.

दूध सांडलं तर टिपून घेण्याची पहिली पायरी तीच, पुढचा रस्ता वेगळा. पाणी गारच हवं. पातेल्याच्या बुडाला लागलेलं दूध कसं चिकटतं ते आपण रोज बघतो, उष्णतेनं प्रथिनं तशीच धाग्याला धरतात. भांड्यांचं लिक्विड अर्धा चमचा, वाटीभर गार पाण्यात, फेसून फेसून भरपूर फेस काढायचा आणि स्पंजवर नुसता फेस घेऊन डागावर फिरवायचा. पाणी वाटीतच राहू द्यायचं. फेसाबरोबर स्निग्धांश वर येतो, तो ओल्या फडक्याने पुसून मग कोरड्याने टिपायचा. वाळल्यावर सोडा, रात्रभर.

वास तरीही राहिला तर प्रथिनं आणि चरबी आत शिल्लक आहेत, आणि तिथे एन्झाइम लागतात. कपडे धुण्याच्या काही पावडरींमध्ये आणि लिक्विडमध्ये ते असतात, पाकिटावरच्या यादीत तसं लिहिलेलं सापडतं. चमचाभर डिटर्जंट पेलाभर कोमट पाण्यात, डागापुरतं, वर ओलं फडकं झाकून अर्धा तास. एन्झाइम ओलं असेपर्यंतच काम करतात, म्हणून झाकायचं. नंतर साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं तीनचार वेळा पुसून साबण काढायला हवा, राहिलेला साबण धूळ धरतो. जुन्या शूच्या वासासाठी कुत्र्या-मांजरांच्या सामानाच्या दुकानात मिळणारे मूत्राचे एन्झाइम-क्लीनर जास्त उपयोगी, कारण कपड्यांच्या डिटर्जंटमधले एन्झाइम वेगळ्या गोष्टी फोडायला बनवलेले असतात.

आपल्याकडे सांडणारं दूध बऱ्याचदा हळदीचं असतं. त्याला साबण किंवा सोडा लावला की पिवळा डाग बघता बघता लालभडक होतो आणि माणूस घाबरतो. हळदीचा रंग अल्कात लाल होतो, हळदीपासून कुंकू करतात ते याच जोरावर. साबण पुसून काढला की तो पुन्हा पिवळ्याकडे येतो. उरलेला पिवळा रंग घासून जात नाही, पण उन्हात उडतो, आणि म्हणून कापसाच्या गादीसाठी दोनतीन दिवसांचं ऊन हाच त्याच्यावरचा इलाज.

सगळं करूनही पावसाळी दिवशी वास परत येतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आत राहिलेले क्षार आणि युरिया हवेतला दमटपणा ओढून घेतात आणि थांबलेलं काम पुन्हा सुरू होतं. वास नेमका कुठून येतो हे शोधायला नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा छोटा टॉर्च चालतो. खोलीत पूर्ण अंधार करून फिरवला तर वाळलेली शू फिकट पिवळसर चमकते, आणि बहुतेक वेळा डोळ्यांना दिसणाऱ्या डागापेक्षा ती जागा बरीच मोठी निघते. कपड्यांच्या डिटर्जंटचे अवशेषही चमकतात, पण निळसर, तेव्हा नाकानं खात्री करून घ्यावी. डांबर गोळ्या आणि अत्तराचे फवारे यांच्या नादी लागू नये. दोन वास एकत्र झाले की तिसराच तयार होतो, आणि लहान मुलाच्या अंथरुणात डांबर गोळी मुळीच नको.

कापसाच्या गादीची गोष्ट या बाबतीत सोपी आहे. कापूस फोमपेक्षा हावरटासारखं पितो आणि वाळताना त्याच्या गाठी होतात. पण तिची शिवण उसवता येते. डागाच्या जागचा भिजलेला कापूस काढून टाकायचा, बाकीचा उन्हात पसरायचा, पिंजून घ्यायचा, खोळ धुवायची आणि थोडा नवा कापूस घालून गादी पुन्हा भरून घ्यायची. फोमला ही सोय नाही. गादी उलटी केल्यावर खालच्या बाजूनंही अमोनियाचा वास येत असेल, तर द्रव आरपार गेलेला आहे आणि वरून मारलेला कोणताही फवारा तिथवर पोचणार नाही. गादीची खोळ चेनची असेल तर ती काढून फोमचा थर उघडा करून बघावा. वास एकाच थराला असला तर तेवढा थर फोमच्या दुकानातून मापानं कापून आणता येतो, पूर्ण गादी बदलावी लागत नाही.