उतारा आणि आरोप : पाश्चात्त्य चेटकिणीच्या प्रतिमेचा मागोवा

युरोपीय लोकसमजुतींतील चेटकीण भीतीचा आणि बहिष्काराचा विषय होती व आधुनिक कथासाहित्यात ती शहाणी, रोगनिवारक स्त्री झाली, अशा सरळ रेषेत या प्रतिमेचा प्रवास सांगितला जातो. परंतु सोळाव्या शतकातील खटल्यांची कागदपत्रे पाहिली असता ही दोन्ही रूपे अनेकदा एकाच व्यक्तीच्या ठायी नांदत होती, असे आढळते.

स्कॉटलंडमधील ॲग्नेस सॅम्प्सन हे याचे ठळक उदाहरण होय. ‘कीथची शहाणी बाई’ म्हणून ओळखली जाणारी ही स्त्री सुईणपण करी, प्रार्थनावजा पद्ये म्हणून दुखणी बरी करी आणि रोगी वाचेल की दगावेल हेही सांगे. राजा सहावा जेम्स आपल्या डॅनिश वधूला आणण्यासाठी गेला असता समुद्रात उठलेल्या वादळांचे खापर चेटकिणींवर फोडण्यात आले, तेव्हा तीही संशयितांत ओढली गेली. तिचा छळ करून कबुलीजबाब घेण्यात आला आणि जानेवारी १५९१मध्ये एडिंबरा येथे तिला गळा आवळून मारून जाळण्यात आले. वादळाचा आरोप राजकीयदृष्ट्या सर्वांत गंभीर असला, तरी तिच्या आरोपपत्रातील बरीच कलमे तिने केलेल्या उपचारांविषयीचीच आहेत.

त्यांपैकी डल्कीथच्या रॉबर्ट कर्स याच्याविषयीचे कलम विशेष बोलके आहे. त्याचा आजार तिने स्वतःवर ओढवून घेतला, रात्रभर कण्हत-कुंथत तो सोसला आणि एखाद्या कुत्र्यामांजराला लागावा म्हणून तो बाहेर टाकला. मात्र तो अलेक्झांडर डग्लस नावाच्या माणसाला जडला, तो झिजत जाऊन मरण पावला आणि कर्स बरा झाला, असे त्यात म्हटले आहे. रोग नाहीसा होत नाही, तो केवळ दुसरीकडे हलवता येतो, ही या उपचारामागील धारणा होय आणि ओवाळून टाकलेल्या उताऱ्यावर पाय पडू नये म्हणून जपणाऱ्या मराठी समाजाला ती अपरिचित नाही. दुखणे काढू शकणारी व्यक्ती ते घालूही शकते, हा निष्कर्ष याच धारणेतून निघतो. त्यामुळे जिच्याकडे गाव औषधाला जाई, तिच्याकडेच अनाकलनीय मृत्यूनंतर बोट दाखवले जाई. स्कॉटलंडच्या १५६३च्या कायद्याने तर जादूटोणा करणाऱ्याबरोबर त्याचा सल्ला घेणाऱ्यालाही देहदंड सांगितला होता.

खटले थंडावल्यानंतर ही दोन रूपे वेगळी होत गेली. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहातील हान्सेल आणि ग्रेटेलच्या कथेत मुलांना खाणारी म्हातारी तेवढी उरली. याउलट फ्रेंच इतिहासकार झ्यूल मिशले याने १८६२मध्ये चेटकिणीला वनस्पतींचे ज्ञान असलेली गोरगरिबांची वैद्य ठरवले, तर अमेरिकेतील स्त्रीहक्कवादी मटिल्डा जोस्लिन गेज यांनी १८९३मध्ये तिला चर्चने चिरडलेली विदुषी म्हणून उभे केले. गेज यांचे जावई एल. फ्रँक बाउम यांच्या १९००मधील ‘ओझ’च्या कथेत दुष्ट चेटकिणींसोबत सज्जन चेटकिणीही आल्या, ही गोष्ट या नात्याच्या संदर्भात लक्षणीय ठरते.

या पुनर्वसनाला अतिशयोक्तीचीही जोड मिळाली. गेज यांनी बळींची संख्या ९० लाख दिली होती; आजचे अभ्यासक ती साधारण ४० ते ६० हजार मानतात. बार्बरा एहरनराइक आणि डीअर्ड्री इंग्लिश यांनी १९७३मध्ये चेटकीणविरोधी मोहिमांना सुईणी व स्त्री-वैद्यांच्या दमनाशी जोडले, परंतु डेव्हिड हार्ले यांनी १९९०मध्ये दाखवून दिले की आरोपींत सुईणींचे प्रमाण अल्प होते, उलट संशयित स्त्रीच्या अंगावरील खुणा तपासण्यासाठी न्यायालये सुईणींनाच बोलावत. सॅम्प्सनचे उदाहरण म्हणूनच बोलके असले, तरी सर्वसाधारण नव्हे.

आधुनिक कथाकारांपैकी ही गुंतागुंत टेरी प्रॅचेट यांनी अधिक जपली. १९८७मध्ये अवतरलेली त्यांची ग्रॅनी वेदरवॅक्स बाळंतपणे करते, आजाऱ्यांची सेवा करते आणि जादूपेक्षा माणसाच्या मनाच्या जाणकारीवर भिस्त ठेवते. तरीही गावकरी तिचा आदर करतात तो तिला वचकूनच, कारण ती काय करू शकेल याची त्यांना खात्री नसते. शहाण्या चेटकिणीच्या इतर अनेक कथांत हा धाक केवळ अडाण्यांचा गैरसमज ठरतो. तसे झाले की चेटकीण निर्दोष होते खरी, पण तिच्या दारी उपचारासाठी आलेल्यांनीच तिच्याविरुद्ध साक्ष का दिली, या मूळ प्रश्नाला त्या कथेत जागा उरत नाही.